सिरियल नंबर बरोबर टाकूनही ‘सापडला नाही’ का येतं?

प्रश्न: आमचं घरगुती उपकरणांचं दुकान आहे, मिक्सरपासून एसीपर्यंत चार-पाच कंपन्यांचा माल. साइटवर वॉरंटी रजिस्ट्रेशन आणि मॅन्युअलची पानं केली. ग्राहकानं सिरियल नंबर टाकला की मॉडेल, मॅन्युअल, वॉरंटी सगळं आपोआप यावं असा बेत होता. पण बऱ्याच जणांना ‘सिरियल नंबर सापडला नाही’ येतं आणि ते फोन करतात. स्टिकरवर बघूनच टाकलाय म्हणतात. फॉर्म नव्यानं बनवायचा का?

उत्तर:

फॉर्मला अजून हात लावू नका. ज्यांना ‘सापडला नाही’ असं उत्तर गेलं त्यांनी चौकटीत नेमकं काय टाइप केलं होतं, ते जसंच्या तसं कुठे साठवलं जातंय का, हे आधी बघा. बहुतेक ठिकाणी फक्त यशस्वी नोंदी साठवल्या जातात आणि फसलेल्या हवेत विरतात. आजपासून फसलेला मजकूर, निवडलेली कंपनी आणि वेळ अशा तीन गोष्टी ठेवायला लागा. शंभरेक नोंदी साठल्या की बसून हातानं त्यांचे ढीग करा. कुठला ढीग मोठा निघतो ते तुमच्या मालावर अवलंबून आहे. एखाद्या कंपनीचे नंबर निव्वळ आकडी असतात, एखादीचे अक्षरं मिसळलेले. कुठे गोदामात स्कॅनर असतो, कुठे मुलगा हातानं वहीत उतरवतो. त्यामुळे ‘अमुक करा, सुटेल’ असं मी इथून सांगणार नाही. पण ढीग साधारण चारच निघतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

मुळात एकाच नगाचा नंबर चार-पाच ठिकाणी असतो: यंत्रावरच्या स्टिकरवर, खोक्यावरच्या लेबलवर, बिलावर, तुमच्या डेटाबेसमध्ये आणि शेवटी ग्राहकाच्या बोटांतून चौकटीत. तुमचा शोध यांतल्या शेवटच्या दोन मजकुरांची अक्षराला अक्षर लावून तुलना करतो. ग्राहक स्टिकर बघून बरोबर टाकतोय यावर विश्वास ठेवा. तरीही दोन मजकूर जुळत नसतील तर बिघाड वाटेत कुठेतरी झालेला असतो.

पहिला ढीग: नंबर बरोबर, लिहिण्याची तऱ्हा वेगळी

समजा, वॉशिंग मशीनचा नंबर `WM7K2308004517` आहे. `WM7K` हे मॉडेल, `23` वर्ष, `08` आठवडा आणि `004517` हा त्या आठवड्यातला अनुक्रमांक. स्टिकरवर वाचायला सोपं जावं म्हणून तो `WM7K 2308-004517` असा छापलेला असतो. ग्राहक मोबाइलवर मराठी कीबोर्डनं टाइप करतो आणि तुमच्याकडे येतं ते असं: `wm7k 23O8-००४५१७`. यात चार फरक आहेत. अक्षरं लहान आहेत, मध्ये जागा आणि आडवी रेघ आहे, `23` नंतर शून्याऐवजी इंग्रजी ओ आहे आणि शेवटचे सहा आकडे देवनागरी आहेत. माणसाच्या डोळ्याला हा तोच नंबर, डेटाबेसला सगळा परका.

देवनागरी आकड्यांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण ते चाचणीत निसटतं. पायथनमध्ये `"४५१७".isdigit()` विचारलं तर उत्तर `True` येतं. म्हणजे आकडे आहेत की नाहीत ही तपासणी पार होते आणि पुढे शोध मात्र रिकामा परततो. उलट जावास्क्रिप्टच्या `\d` मध्ये देवनागरी आकडे बसतच नाहीत, त्यामुळे ग्राहकाला ‘फक्त आकडे टाका’ अशी सूचना दिसते आणि आकडेच तर टाकलेत म्हणून तो चक्रावतो. युनिकोडचं `NFKC` रूप करून घेतलं की हे सुटेल असं अनेकांना वाटतं. ते रुंद आकडे आणि न तुटणारी जागा यांचा बंदोबस्त करतं, पण `४` चा `4` करत नाही. तो बदल वेगळा करावा लागतो.

```python
import unicodedata

def clean(s):
    out = ""
    for ch in unicodedata.normalize("NFKC", s):
        if ch.isdecimal():
            out += str(unicodedata.decimal(ch))
        elif ch.isascii() and ch.isalpha():
            out += ch.upper()
    return out

FOLD = str.maketrans("OIL", "011")

def match_key(s):
    return clean(s).translate(FOLD)
```

`clean` जागा, रेघा, तिरप्या रेघा, टिंबं सगळं गाळतं आणि आकडे-अक्षरं एका वळणावर आणतं. `match_key` पुढे जाऊन ओ आणि शून्य एक मानतं, तसंच आय, एल आणि एक हे एकच मानतं. वरचा नंबर यातून काढला की `WM7K2308004517` मिळतो. हीच प्रक्रिया तुमच्या डेटाबेसमधल्या प्रत्येक नंबरवर एकदा चालवून तिचं उत्तर वेगळ्या रकान्यात साठवा आणि शोध त्या रकान्यात घ्या. मूळ नंबर जसा आला तसाच दुसऱ्या रकान्यात राहू द्या, तो कधीही बदलू नका. कंपनीकडे क्लेम पाठवताना मूळच लागतो.

एक धोका आहे. ओ आणि शून्य एक मानल्यावर दोन खरोखर वेगळे नग एकाच किल्लीवर येऊन बसू शकतात. म्हणून चालू करण्याआधी हे विचारून घ्या:

```sql
SELECT brand, match_key, COUNT(*)
FROM units
GROUP BY brand, match_key
HAVING COUNT(*) > 1;
```

काहीच आलं नाही तर उत्तम. एखाद्या कंपनीच्या नंबरांत ओ आणि शून्य दोन्ही अर्थपूर्ण निघाले तर त्या कंपनीपुरती ही सूट बंद ठेवा. या क्वेरीत `brand` मुद्दाम घेतलाय. सिरियल नंबर एका कंपनीच्या मालात एकमेव असतो, सगळ्या जगात नव्हे. तुम्ही चार-पाच कंपन्यांचा माल विकता, तेव्हा निव्वळ आकडी नंबर दोन कंपन्यांत सारखा निघणं अगदी शक्य आहे. शोध आणि एकमेवतेची अट, दोन्ही कंपनी आणि नंबर मिळूनच लावा.

चौकटीबद्दल दोन गोष्टी. ती `type="number"` कधीच नसावी. तिथे अक्षरं जात नाहीत आणि मूल्य पुढे कुठे संख्या म्हणून हाताळलं गेलं की सुरुवातीची शून्यं गेलीच. `type="text"` ठेवा आणि सोबत `autocapitalize="characters"` व `spellcheck="false"` द्या. दुसरं म्हणजे `maxlength`. नंबर चौदा अक्षरांचा आहे म्हणून मर्यादा चौदा ठेवली, तर स्टिकरप्रमाणे जागा आणि रेघ टाकणाऱ्याचे शेवटचे दोन आकडे गुपचूप कापले जातात. फसलेल्या नोंदींत बरोबर चौदा चिन्हांचे आणि मध्ये रेघ असलेले नंबर दिसले की हेच समजा. मर्यादा चाळीसपर्यंत सैल ठेवा.

काही जण स्टिकरवरचं `S/N` सकट सगळं टाकतात, साफ केल्यावर पुढे `SN` चिकटतं. पहिल्या शोधात काही आलं नाही तरच ते काढून दुसऱ्यांदा शोधा. आधीच काढलं तर ज्यांचा नंबर खरोखर `SN` नं सुरू होतो त्यांची पंचाईत.

दुसरा ढीग: ग्राहक बरोबर, तुमची यादीच बिघडलेली

हा ढीग सगळ्यात दुर्लक्षित आहे, आणि माझ्या मते आधी इथेच बघायला हवं. वितरकाकडून नंबरांची यादी बहुधा सीएसव्ही फाइलमध्ये येते. कुणीतरी ती एक्सेलमध्ये नुसती उघडून, एखादा रकाना नीट करून सेव्ह करतं. एवढ्यानं तीन प्रकारची इजा होते.

नंबर निव्वळ आकडी असेल आणि शून्यानं सुरू होत असेल, तर एक्सेल त्याला संख्या समजून पुढची शून्यं टाकून देतं. नंबर सोळा आकडी असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येतले पंधराच अर्थपूर्ण आकडे धरतं. `4231188001273569` टाकलं की `4231188001273560` उरतं. आणि आकड्यांच्या मधोमध एकच `E` आला तर तो दहाचा घात समजला जातो, `23081E12` दिसायला लागतो `2.31E+16`.

इजा झाली आहे की नाही हे ओळखणं सोपं आहे. कंपनीनिहाय नंबरांची लांबी मोजा:

```sql
SELECT brand, LENGTH(serial_raw) AS len, COUNT(*)
FROM units
GROUP BY brand, LENGTH(serial_raw)
ORDER BY brand, len;
```

एका कंपनीचे नंबर ठरावीक लांबीचे असतात. बहुतेक नग तेरा आकडी आणि थोडे बारा किंवा अकरा आकडी दिसले तर शून्यं गळली आहेत. मूळ लांबी नक्की ठाऊक असेल तर पुढे शून्यं भरून ही दुरुस्ती करता येते. सोळा आकडी नंबर सगळेच शून्यानं संपत असतील किंवा कुठे `E+` दिसत असेल, तर गेलेले आकडे परत येत नाहीत. अंदाजानं भरू नका, मूळ फाइल पुन्हा मागवा. यापुढे फाइल थेट डेटाबेसमध्ये जाऊ द्या. एक्सेलमध्ये आणावीच लागली तर आयात करताना तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा. उघडून झाल्यावर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, तोवर नंबर गेलेला असतो.

याच ढिगात गोदामातलं चुकीचं स्कॅनिंग येतं. खोक्यावर दोन-तीन बारकोड असतात. त्यांतला तेरा आकडी बारकोड हा मालाचा कोड असतो आणि त्या मॉडेलच्या प्रत्येक खोक्यावर तोच असतो. घाईत तो स्कॅन झाला की यादीत एकच नंबर वारंवार येतो. आयात करताना तोच नंबर त्याच कंपनीत दुसऱ्यांदा आला तर ओळ तिथेच अडवा आणि गोदामाला त्याच दिवशी कळवा, खोकं अजून दारात असतं तेव्हाच.

तिसरा ढीग: नंबर खरा, पण तो हा नव्हे

स्टिकरवर मॉडेल नंबर, सिरियल नंबर, कधी बॅच, कधी मालाचा कोड, सगळं एकाखाली एक छापलेलं असतं. ग्राहक त्यातला सर्वांत ठळक टाकतो आणि तो बहुधा मॉडेल नंबर असतो. मॉडेलांची यादी तुमच्याकडे आहेच. शोध फसल्यावर टाकलेला मजकूर त्या यादीत पाहा आणि जुळला तर स्पष्ट सांगा: ‘हा मॉडेल नंबर आहे. सिरियल नंबर त्याच स्टिकरवर S/N किंवा Serial No. या शब्दांपुढे असतो.’ सोबत त्या मॉडेलच्या मॅन्युअलचा दुवाही लगेच द्या, कारण अनेक जण तेवढ्यासाठीच आलेले असतात. तेरा आकडी कोड आला तर त्यालाही असंच उत्तर.

चौकटीखाली एकच नमुना स्टिकर दाखवून भागत नाही. फ्रिजचा स्टिकर बहुतेक वेळा आतल्या बाजूच्या भिंतीवर, भाजीच्या कप्प्याजवळ किंवा मागे असतो. पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा दाराच्या कडेला किंवा मागे, मिक्सरचा बुडाशी. ग्राहकानं आधी उपकरणाचा प्रकार निवडावा आणि मग त्याच प्रकाराचं चित्र दिसावं. मिक्सर उलटा करण्याआधी भांडं काढून वायर उपटा, ही ओळही तिथेच लिहा.

स्प्लिट एसी हा यातला खास प्रकार. त्यात दोन यंत्रं असतात आणि दोघांना वेगवेगळा सिरियल नंबर असतो. बिलावर बहुधा एकच चढतो. बाहेरच्या यंत्राचा चढला असेल आणि ग्राहकानं खोलीतल्या यंत्रावरचा टाकला, तर शोध फसणारच, कारण बाहेरचं यंत्र बसवलेल्या जागी वाकून स्टिकर वाचणं कुणी करत नाही आणि करूही नये. यावर उपाय डेटाबेसच्या रचनेत आहे: विक्रीची एक ओळ आणि तिच्याखाली नगांच्या हव्या तेवढ्या ओळी. दोन्ही नंबर खोकी गोदामातून निघतानाच स्कॅन व्हावेत, म्हणजे कुठलाही टाकला तरी तीच विक्री सापडते.

चौथा ढीग: नंबर अजून पोचलेलाच नाही

विक्रीची माहिती साइटवर रात्री एकदाच चढत असेल, तर दुपारी डिलिव्हरी मिळालेला ग्राहक संध्याकाळी रजिस्टर करायला आला की त्याला नकार मिळतो. वॉरंटी नोंदवण्याचा उत्साह पहिल्या दिवशीच जास्त असतो, म्हणजे सर्वांत तत्पर ग्राहकालाच आपण परत पाठवतो. हा ढीग ओळखायची खूण सोपी: फसलेले नंबर दोन दिवसांनी पुन्हा शोधून पाहा. जे आता सापडतात ते सगळे या ढिगातले.

म्हणून ‘सापडला’ आणि ‘सापडला नाही’ ही दोनच उत्तरं पुरत नाहीत. मी तीन ठेवतो. पहिलं, नग आणि त्याची विक्री दोन्ही सापडली. दुसरं, नंबराची घडण त्या कंपनीच्या नंबरासारखी आहे, मॉडेल कळतंय, पण विक्रीची नोंद नाही. तिसरं, नंबर ओळखताच आला नाही. दुसऱ्या प्रकारात रजिस्ट्रेशन स्वीकारायचं, संदर्भ क्रमांक द्यायचा आणि ‘तपासणी बाकी’ अशी खूण करून ठेवायची. रात्रीची माहिती चढली की ती यंत्रणेनंच पुन्हा तपासावी आणि जुळली की ग्राहकाला संदेश जावा. तिसऱ्यात स्टिकरचा आणि बिलाचा फोटो मागा आणि तो माणसाच्या रांगेत टाका. तीन वेळा टाकूनही जुळत नाही म्हणून कुणालाही दारातून परत पाठवू नका. बिल हातात असलेल्या माणसाचा हक्क तुमच्या यादीवर अवलंबून नसतो.

इथे एक मोह होतो: नंबर जवळपास जुळत असेल तर ‘तुम्हाला हा म्हणायचा होता का?’ असं सुचवायचं. ते टाळाच. बहुतेक सिरियल नंबरांत चूक पकडणारा तपास-अंक नसतो. `WM7K2308004517` ऐवजी शेवटी `8` पडला तर तोही खरा नंबर आहे, फक्त दुसऱ्या कुणाच्या घरातल्या मशीनचा. सुचवण्या दिल्या की ग्राहक पहिली दिसेल ती निवडतो आणि दोन घरांच्या वॉरंट्या एकमेकांत गुंततात.

खरं तर यामुळेच ‘सापडला’ हे उत्तरही पुरावा मानता येत नाही. न सापडलेला नंबर फोन करवतो, चुकीचा सापडलेला नंबर वर्षभर गप्प बसतो आणि मशीन बंद पडल्यावर भांडण लावतो. म्हणून नंबर सापडल्यावर आणखी एक गोष्ट विचारा जी विक्रीच्या नोंदीशी ताडता येईल: बिल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे किंवा बिलावर दिलेला मोबाइल. दोन्ही जुळलं तरच नोंद पक्की. जुळलं नाही तर ‘तपासणी बाकी’. खरेदीची तारीख ग्राहकाला विचारायची गरजच नाही, ती बिलात आहे. विचारली तर तो अंदाजानं टाकतो आणि मग दोन तारखा सांभाळत बसावं लागतं.

मॅन्युअल: मॉडेल कळणं पुरेसं नाही

बहुतेक साइट सिरियलवरून मॉडेल काढतात आणि त्या मॉडेलची पीडीएफ दाखवतात. पण त्याच मॉडेलच्या नावाखाली कंपनी मधेच सुटे भाग बदलते. समजा, आपल्या `WM7K` मध्ये 2023 च्या चौदाव्या आठवड्यापासून कंट्रोल बोर्ड बदलला. जुन्या बोर्डावर `E3` म्हणजे पाणी बाहेर जात नाही, नव्यावर `E3` म्हणजे दार नीट लागलेलं नाही. आठव्या आठवड्यातलं मशीन असलेल्या ग्राहकाला नवं मॅन्युअल मिळालं तर तो दार चार वेळा आपटेल, आणि अडलेला ड्रेन फिल्टर तसाच राहील.

त्यामुळे मॉडेल आणि उत्पादनाचा आठवडा यांवरून मॅन्युअलची आवृत्ती ठरवणारा छोटा तक्ता लागतो. त्यात फक्त ‘कधीपासून’ लिहा, ‘कधीपर्यंत’ लिहू नका. दोन्ही लिहिलं की मध्ये फटी राहतात आणि त्या फटीतल्या नगांना काहीच मिळत नाही.

```sql
SELECT manual_id
FROM manual_map
WHERE brand = 'B1' AND model = 'WM7K'
  AND yyww_from <= 2308
ORDER BY yyww_from DESC
LIMIT 1;
```

आपल्या नगाचा `2308` हा `2314` च्या आधीचा, म्हणून त्याला जुनी आवृत्ती मिळते. ही तुलना आठवड्याच्या भागावर आहे हे लक्षात घ्या. अख्खा सिरियल नंबर मजकूर म्हणून लहान-मोठा ठरवायला गेलात, तर लांबी बदलली की क्रम बिघडतो.

बदल झाला त्याच आठवड्यात दोन्ही प्रकारचे बोर्ड लागलेले असू शकतात. त्या सीमेवरच्या एक-दोन आठवड्यांसाठी एकच मॅन्युअल दाखवायचा हट्ट धरू नका. दोन्ही दाखवा आणि फरक डोळ्यांनी ओळखता येईल असा लिहा: ‘पॅनलवर चाइल्ड लॉकचं वेगळं बटण असेल तर हे, नसेल तर ते.’ सगळ्याच कंपन्या नंबरात आठवडा देत नाहीत. काही वर्षासाठी अक्षर वापरतात, काहींची घडण बाहेरच्याला कळतच नाही. कंपनीकडून लेखी घडण मागून घ्या. ती मिळाली नाही तर पॅनलचे फोटो दाखवून ग्राहकाला निवडू द्या. स्वतः अंदाज बांधून तक्ता भरलात तर तो बरोबर दिसणाऱ्या चुका देत राहील.

मॅन्युअलला स्वतःचं कायमचं पान द्या, पत्त्यात मॉडेल आणि आवृत्ती. सिरियलचा शोध ग्राहकाला त्या पानावर नेऊन सोडतो, एवढंच त्याचं काम. सिरियल नंबर पानाच्या पत्त्यात कधी घालू नका. ग्राहक तो दुवा कुणाला पाठवतो, भेटी मोजणाऱ्या साधनांत तो साठतो आणि नंबर फिरत राहतो. मॅन्युअलसाठी रजिस्ट्रेशनची सक्तीही नको. मशीनमधून पाणी वाहत असताना माणूस ओटीपीची वाट बघत बसणार नाही.

पीडीएफ ठेवाच, पण एरर कोड, फिल्टर साफ करायची कृती आणि बसवताना सोडायची जागा हे पानावर साध्या मजकुरात असू द्या. मोबाइलवर साठ पानी पीडीएफमध्ये `E3` शोधायला लावू नका. नवी आवृत्ती आली की जुन्या फाइलवर त्याच नावानं नवी टाकायची नाही. ग्राहकाच्या फोनमध्ये जुनी साठलेली असते आणि सर्व्हिसवाल्याला दिसते नवी, मग फोनवर दोघं वेगवेगळी पानं वाचत बसतात.

शोध काय सांगतो, कुणाला सांगतो

सिरियल नंबर क्रमानं वाढतात. एका स्टिकरवरून पुढचे हजार नंबर कुणालाही बनवता येतात. म्हणून पडताळणी न झालेल्या माणसाला शोधातून फक्त मॉडेल आणि मॅन्युअल दिसावं. विक्रीची तारीख, वॉरंटी कधी संपते, नोंद झाली आहे की नाही, हे सगळं ओटीपीनंतर. वॉरंटी संपत आलेल्या लोकांची यादी बनवून त्यांना खोटे फोन करणं, यासाठी एवढीच माहिती पुरते. शोधांवर मर्यादा घाला, पण ती केवळ आयपी पत्त्यावर आधारलेली कडक मर्यादा नको. मोबाइल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागून येतात आणि एकाच्या उपद्व्यापानं सगळे अडकतात. ठरावीक शोधांनंतर ओटीपी मागणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

‘हा नंबर आधीच नोंदलेला आहे’ हे उत्तर देतानाही असंच जपा. पहिल्या नोंदीतलं नाव किंवा मोबाइल अर्धवट झाकूनसुद्धा दाखवू नका. दुसरी नोंद नाकारू नका, बिलाचा फोटो घेऊन तपासणीत टाका. अशी दुहेरी नोंद झाली म्हणजे कुणी फसवतंय असं क्वचितच असतं. काउंटरवरच्या मुलानं ग्राहकाच्या वतीनं स्वतःचा मोबाइल टाकून नोंद केलेली असते, किंवा परत आलेला नग दुसऱ्याला विकला जातो आणि पहिली नोंद तशीच राहते. पहिल्यासाठी एकाच मोबाइलवर पाचापेक्षा जास्त नोंदी दिसल्या की यादी काढा. दुसऱ्यासाठी विक्री परतीची एंट्री झाली की त्या नगाची नोंद आपोआप बंद झाली पाहिजे.

वॉरंटी बदलीत मिळालेल्या नगाचंही आत्ताच ठरवून ठेवा. मशीन बदलून दिलं की नवा सिरियल नंबर येतो, पण मुदत बहुधा मूळ खरेदीपासूनच मोजली जाते. कंपनीची अट वेगळी असेल तर तीच लावा. नव्या नगाच्या ओळीत जुन्या नगाचा दुवा ठेवा आणि मुदत त्या साखळीच्या पहिल्या बिलावरून काढा. जुना नंबर पुसू नका. ग्राहकाच्या फायलीत जुनंच वॉरंटी कार्ड असतं, तो तोच नंबर टाकणार. त्याला उत्तर मिळायला हवं की हा नग बदलून दिला आहे, आणि ओटीपी झाल्यावर नव्या नगाचं पान.